नोकरीची बातमी आधी मैत्रिणीला: नेमकं काय मोडलं?

"लग्नाला अकरा वर्षं झाली, एक मुलगी आहे. नवऱ्याच्या ऑफिसात त्याची एक जवळची मैत्रीण आहे. दिवाळीच्या आधी त्यांच्या कंपनीत माणसं कमी करत होते आणि त्याचंही नाव यादीत होतं. मला हे दोन महिन्यांनी कळलं, तिला मात्र पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सासूबाईंवरून आमच्यात होणारी भांडणंसुद्धा तिला माहीत आहेत. मी विचारलं तर म्हणतो, 'तिला मी बोटही लावलेलं नाही, घराला काही कमी पडू दिलं नाही, अजून किती एकनिष्ठ राहू?' आणि वर, 'तू तुझ्या बहिणीला सगळं सांगतेस, ते चालतं?' यावर मला उत्तर सुचलं नाही. ही फसवणूक आहे की मीच उगाच ताणतेय? तिच्याशी बोलणं बंद कर, असं सांगू का?"
– एक वाचक, नाशिक

तुम्ही उगाच ताणत नाही. पण फसवणूक हा शब्द वापरण्याआधी थोडं थांबा, आणि बोलणं बंद करायला आत्ता लगेच सांगू नका. तुमच्या दुखण्यात तीन निरनिराळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. तिन्हींवरचा इलाज वेगळा आहे, आणि बोलणं बंद केल्यानं त्यातल्या फार तर एकीवर इलाज होतो.

पहिली अनन्यता, म्हणजे जे फक्त आपल्या दोघांत राहील असं ठरलेलं असतं ते. बहुतेक जोडप्यांत शरीरसंबंध या यादीत असतोच. पुढची यादी मात्र घराघरात बदलते. कुणाच्या यादीत दुसऱ्या कुणाशी लाडीगोडीचं बोलणं बसत नाही, कुणाला जुन्या प्रेयसीशी संपर्क चालत नाही, तर कुणाला त्याचं काहीच वाटत नाही. दुसरी निष्ठा. तुम्ही समोर नसताना तुमचं हित सांभाळलं जातं का, तुमची बाजू धरली जाते का, तुमची लाज राखली जाते का, यावरून ती कळते. आपल्याकडे निष्ठेची परीक्षा परक्या बाईपेक्षा घरातच जास्त वेळा होते, आईसमोर, बहिणीसमोर, मोठ्या दिरासमोर. तिसरी भावनिक जवळीक. मनातलं, विशेषतः भीती आणि कमीपणा, ज्याच्यापाशी बोलता येतं आणि जिथे ते नीट झेललं जातं, तिथे ती असते.

तुमचा नवरा जे दोन दाखले देतोय ते पहिल्या गोष्टीचे आणि दुसरीच्या अर्ध्या भागाचे आहेत. बोट लावलं नाही, ही अनन्यता. घराला कमी पडू दिलं नाही, ही निष्ठेतली कर्तव्याची बाजू. त्याचं म्हणणं खरं धरलं तरी तुमची तक्रार तिथे नाहीच. त्याची भीती तुमच्याऐवजी दुसरीकडे गेली, हा जवळिकीचा प्रश्न आहे. तुमची आणि सासूबाईंची भांडणं तुम्ही नसताना एका तिसऱ्या माणसासमोर मांडली गेली, हा निष्ठेचा. म्हणूनच तो 'मी काही केलं नाही' म्हणतो आणि तुम्ही 'सगळं केलंस' म्हणता, आणि दोघांनाही समोरचा खोटं बोलतोय असं वाटतं.

इथे एक फरक लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. अनन्यता आणि निष्ठा यांचं वचन देता येतं, कारण त्या वागण्याच्या गोष्टी आहेत. 'हे करणार नाही', 'हे तुला आधी सांगेन' असं माणूस ठरवू शकतो, आणि पाळलं की नाही तेही कळतं. जवळिकीचं वचन देता येत नाही. 'उद्यापासून मला तुझ्यापाशी मन मोकळं करावंसं वाटेल' असं कुणी ठरवून करू शकत नाही. ती दोघांच्या वागण्यातून तयार होते किंवा होत नाही. त्यामुळे पहिल्या दोहोंसाठी नियम लागतात. तिसरीला नियम लावले की ती आटते.

आता बहिणीचा मुद्दा. त्याचं उत्तर तुमच्याकडे हवंच, कारण तो चुकीचा प्रश्न विचारत नाहीये. लग्नाबाहेर भावनिक जवळीक असणं हा गुन्हा नाही. बहीण, आई, शाळेतला मित्र, शेजारची काकू, हे सगळे असतातच, आणि ज्या लग्नात सगळा भार एकाच माणसावर येतो ते लग्न दमून जातं. बहीण चालते आणि मैत्रीण चालत नाही, ती बाई आहे म्हणून, एवढंच उत्तर दिलंत तर तो लगेच 'म्हणजे संशयच' म्हणेल.

फरक दुसरीकडे आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ शर्ली ग्लास यांनी तो खिडक्या आणि भिंती या उदाहरणानं मांडला होता. नवरा-बायकोमध्ये खिडकी असावी आणि बाहेरच्या जगाकडे दोघांची मिळून एक भिंत असावी. बाहेरच्या माणसाशी खिडकी उघडली आणि घरातल्या माणसाशी भिंत बांधली गेली, की नातं उलटं झालं. हे बहिणीला आणि मैत्रिणीला सारखंच लावून पाहा. तुम्ही बहिणीशी बोलता हे त्याला माहीत आहे का? तिच्याशी झालेलं बोलणं त्याच्यासमोर जसंच्या तसं सांगता येईल का? त्या बोलण्यानंतर तुम्ही त्याच्याकडे थोड्या निवळून परत येता की आणखी भरून येता? आणि मुख्य म्हणजे, तिला सांगून झालं म्हणून त्याला सांगायचं राहून जातं का? मैत्रिणीच्या बाबतीत शेवटच्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट 'हो' आहे. दोन महिने तिच्याकडे खिडकी होती आणि तुमच्याकडे भिंत.

पण बहिणीच्या बाबतीतही प्रामाणिकपणे तपासा. त्याचा पगार, त्याच्या आईचं बोलणं, तुमच्या खोलीतल्या गोष्टी, त्याला ज्याची लाज वाटते असं काही तिच्यापर्यंत गेलं असेल, आणि पुढच्या समारंभात ती त्याच्याशी दोन बोटं अंतर ठेवून वागली असेल, तर तिथे तुमच्याकडूनही निष्ठा सुटली आहे. हे आधी मान्य केलंत तर तुमची बाजू पडणार नाही, उलट बोलायला जागा होईल. त्याला इतकंच म्हणा: "बहिणीचं तू म्हणतोस ते बरोबर आहे, काही गोष्टी मी तिला सांगायला नको होत्या. त्या मी थांबवते. पण मला नोकरीची बातमी दोन महिन्यांनी कळली, त्याचं मला लागलंय. त्यावर वेगळं बोलू या."

आता तो तिच्याशी का बोलू शकला, हे बघू. उपाय तिथूनच निघतो.

हॅरी रीस आणि फिलिप शेव्हर या संशोधकांनी १९८८ मध्ये जवळीक कशी तयार होते याची मांडणी केली. सांगणं हा त्यातला अर्धाच भाग आहे. एकजण मनातलं काही उघड करतो, दुसरा त्यावर काहीतरी प्रतिसाद देतो, आणि त्या प्रतिसादातून पहिल्याला तीन गोष्टी जाणवाव्या लागतात: याला कळलं, याला मी चुकीचा वाटत नाही, आणि याला माझी काळजी आहे. तिन्ही जाणवल्या तर पुढच्या वेळी तो आणखी सांगतो. एखादी राहिली तर पुढच्या वेळी थोडं कमी. वर्षानुवर्षं हे असं चालत राहतं आणि बहुतेक वेळा कुणाच्या लक्षातही येत नाही.

समजा, एका रात्री पानावर बसताना तो म्हणाला, "आमच्या टीममधल्या दोघांना आज एचआरनं बोलावलं होतं." घरातून सहज येणारं एक उत्तर असतं, "तुझं नाही ना पण काही?" दुसरं, "तरी मी म्हणत होते, दुसरीकडे बघायला लाग." दोन्ही काळजीपोटीच येतात. पण पहिल्यात त्यालाच तुम्हाला धीर द्यावा लागतो. तो "नाही गं" म्हणतो, आणि तिथे खोटेपणाची पहिली पायरी पडते. दुसऱ्यात त्याच्या भीतीवर आणखी एक काम आणि थोडासा ठपका येतो. तिकडे कॅन्टीनमध्ये मैत्रीण म्हणते, "कोणाला बोलावलं? मलाही काल झोप लागली नाही." संपलं. तिला कळलं, ती चुकीचं ठरवत नाही, आणि ती त्याच बोटीत आहे.

हे तिला जमतं याचं मोठं कारण ती फार समंजस आहे असं नाही. त्याची नोकरी गेली तर तिचा घराचा हप्ता थकत नाही, तिच्या मुलीची फी राहत नाही. तुमचं सगळंच पणाला लागलेलं असतं, म्हणून तुम्हाला शांत राहणं कठीण जातं. शिवाय आपल्याकडे पुरुषाची किंमत कमाईवर ठरते, तेव्हा नोकरी जाण्याची भीती सर्वांत आधी बायकोपासून लपवली जाते, कारण तिच्याच नजरेत उतरण्याची धास्ती सर्वांत मोठी असते. यातलं काहीही तुमच्यावर दोष टाकायला सांगत नाहीये. दोन महिने लपवणं हा त्याचा निर्णय होता आणि त्याची जबाबदारी त्याचीच. घराच्या पैशाशी जोडलेली बातमी घरातल्या मोठ्या माणसाला कळण्याचा तुमचा हक्क आहे. प्रतिसाद कसाही आला असता तरी तो हक्क उरतोच.

आणखी एक गाठ सोडवू या. समाजशास्त्रज्ञ मायकेल जॉन्सन यांनी लग्नातल्या बांधिलकीचे तीन प्रकार वेगळे केले आहेत: राहावंसं वाटतं म्हणून राहणं, राहायला हवं म्हणून राहणं, आणि सोडणं फार महाग पडेल म्हणून राहणं. बहुतेक टिकाऊ लग्नांत तिन्ही असतात. तुमच्या नवऱ्याचं वाक्य दुसऱ्या प्रकारातलं आहे. मी माझं कर्तव्य केलं, असं तो म्हणतो. तुमचा प्रश्न पहिल्या प्रकारातला आहे. तुला माझ्याकडे यावंसं का वाटलं नाही, असं तुम्ही विचारता. तो कर्तव्याचा पुरावा देत राहतो आणि तुम्हाला तो पुरावा ऐकूच येत नाही, कारण तुम्ही मागितलेलं काही वेगळंच आहे. त्याच्या वडिलांच्या पिढीत कदाचित बांधिलकीचा अर्थ तेवढाच होता: घर सोडायचं नाही, पैसा घरात द्यायचा, बाहेर तोंड मारायचं नाही. त्या व्याख्येत तो नापास होत नाही. ती व्याख्या खोटीही नाही. ती तुमची नाही, आणि अकरा वर्षांत ती दोघांनी एकमेकांना वाचून दाखवली नाही, एवढंच.

तेव्हा पहिलं काम ते. एक रविवार दुपार घ्या. मुलगी आजोळी किंवा मैत्रिणीकडे असेल, रात्रीचे अकरा वाजलेले नसतील आणि कुणी उपाशी नसेल, असं पाहा. दोन कोरे कागद घ्या, प्रत्येकाचा वेगळा. तीन मथळे घाला: 'फक्त आपल्या दोघांत काय राहावं', 'मी समोर नसताना माझ्यासाठी काय सांभाळावं', 'मला तुझ्या जवळ कधी वाटतं'. वीस मिनिटं, एकमेकांशी न बोलता लिहा. एक अट कडक पाळा: गुण लिहायचे नाहीत, वागणं लिहायचं. 'विश्वास', 'आदर', 'पारदर्शकता' असे शब्द कागदावर आले की दोघंही मान डोलावतात आणि काहीच ठरत नाही. 'नोकरी, पैसा आणि तब्येत यांची बातमी त्याच दिवशी मला कळावी' असं लिहिलं की लगेच समजतं की हे जमणार आहे की नाही.

मग कागद बदला. वाचताना वाद घालायचा नाही. प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक खूण करायची: माझंही हेच, माझं वेगळं, मला कळलं नाही. आधी 'कळलं नाही'वाल्या ओळींवर बोला, मग 'वेगळं'वर.

तुमच्या कागदांवर काय येऊ शकतं, याचा एक अंदाज देतो. पहिल्या मथळ्याखाली दोघांचं बरंचसं जुळेल. तुम्ही कदाचित 'तिच्यासोबत एकट्यानं बाहेर जेवायला जाणं' लिहाल आणि तो 'वेगळं' अशी खूण करेल, कारण ऑफिसातलं जेवण त्याला जेवणच वाटतं. यावर सीमा ठरवता येते, उदाहरणार्थ ऑफिसच्या वेळेत चालेल, सुट्टीच्या दिवशी किंवा रात्री नाही, आणि ठरलं की घरी आधी माहीत असावं. दुसऱ्या मथळ्याखाली तुम्ही 'आईबद्दलचं भांडण बाहेर जाऊ नये' लिहाल. त्याच्या कागदावर मात्र 'माझ्या आईबद्दल माहेरी बोलू नये' असं असेल. दोन्ही ओळी एकच आहेत, आणि हे कागदावर शेजारी शेजारी दिसलं की अर्धा राग उतरतो. खरी पोकळी तिसऱ्या मथळ्याखाली निघेल. तुम्ही चार-पाच ओळी लिहाल. तो बहुधा एक लिहील, 'तू काही न विचारता जवळ बसतेस तेव्हा', किंवा कोरं ठेवेल. कोऱ्या जागेवर चिडू नका. पुष्कळ पुरुषांना हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला गेलेला असतो. आठवडाभरानं तोच मथळा पुन्हा पुढे ठेवा.

बोलणं कुठे बिघडतं तेही सांगतो. तुम्ही जितकं विचाराल तितका तो गप्प होईल, आणि तो जितका गप्प होईल तितकं तुम्ही विचाराल. जोडप्यांत हे चक्र इतकं नेहमीचं आहे की त्यावर कित्येक वर्षं संशोधन झालं आहे. ते तोडायला आवाज चढायच्या आधी थांबावं लागतं. जोडप्यांवर संशोधन करणारे मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या निरीक्षणांनुसार भांडताना हृदयाचे ठोके मिनिटाला १०० च्या पुढे गेले की माणसाला समोरचं नीट ऐकू येईनासं होतं, आणि शरीर शांत व्हायला निदान वीस मिनिटं लागतात. म्हणून थांबताना 'जाऊ दे, तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही' म्हणून उठू नका. 'आत्ता मला ऐकू येत नाहीये, साडेपाचला परत बसू' म्हणा, आणि साडेपाचला बसा. वेळ न सांगता उठून जाणं हेच पुढच्या भांडणाचं कारण होतं. त्या वीस मिनिटांत बहिणीला फोन लावू नका आणि त्यानं मैत्रिणीला मेसेज करू नये. हे आधीच ठरवून घ्या.

कागद झाले की मागण्या करा, पण तिन्ही गोष्टींसाठी वेगवेगळ्या.

अनन्यतेबद्दल एकदाच, सरळ विचारा: "तुला तिच्याबद्दल मैत्रीपलीकडे काही वाटतं का? उत्तर काहीही असलं तरी मला खरं हवंय." उत्तर मिळाल्यावर रोज तेच विचारू नका. तुमच्या पत्रात लपवाछपवीची दुसरी खूण नाही, पण या दिसल्या तर गोष्ट मैत्रीची राहिलेली नाही असं समजा: मेसेज पुसून टाकले जातात, तुम्ही खोलीत आलात की फोन उलटा होतो, भेटीची जागा किंवा कोण कोण होतं हे बदलून सांगितलं जातं, तुमची तिच्याशी तुलना सुरू होते, किंवा तुमची आणि तिची भेट तो टाळू लागतो. शेवटची खूण लोक दुर्लक्षितात. निखळ मैत्रीत बायकोची ओळख करून देणं अवघड नसतं.

फोन मात्र चोरून तपासू नका, आणि पासवर्ड हा उपाय धरून बसू नका. ज्याला लपवायचं आहे त्याच्यापाशी दुसरा मार्ग असतोच. ज्याला लपवायचं नाही तो काही दिवसांनी तुमच्याकडे बायकोऐवजी तपासनीस म्हणून बघू लागतो, आणि तपासनिसाला कुणी भीती सांगत नाही.

निष्ठेबद्दल दोन गोष्टी मागा, आणि त्या ठाम मागा. पहिली, तुमची आणि त्याची भांडणं, आणि त्याच्या आईचं प्रकरण, यापुढे त्या मैत्रिणीपर्यंत जायचं नाही. हे तिला त्यानं स्वतः सांगावं, त्याच्या शब्दांत: "घरातल्या गोष्टी मी तुझ्याशी बोलत होतो, ते बरोबर नव्हतं, आता नाही बोलणार." तुम्ही तिला फोन करून सुनावू नका. तुमचं नातं त्याच्याशी आहे, तिनं तुम्हाला काही वचन दिलेलं नव्हतं. दुसरी, घराच्या पैशावर किंवा तब्येतीवर परिणाम करणारी कुठलीही बातमी त्याच दिवशी तुम्हाला. बोलायचं त्राण नसेल तर एका ओळीचा मेसेज चालेल, 'नाव यादीत आलंय, आज बोलायला नको, उद्या बोलू.' अशी सवलत ठेवल्यानं नियम पाळला जाण्याची शक्यता खूप वाढते. झालेल्या दोन महिन्यांबद्दल माफी हवी, तीही नेमक्या गोष्टीची. 'तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी' ही माफी नव्हे. 'घराचा हप्ता दोघांच्या नावावर असताना मी तुला अंधारात ठेवलं, ते चुकलं' ही माफी.

जवळिकीबद्दल काही मागू नका, जागा तयार करा. रात्री जेवण आवरल्यावर दहा-पंधरा मिनिटं, टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत. एक दिवस तो बोलेल, एक दिवस तुम्ही. ऐकणाऱ्यानं सुरुवातीला एकच प्रश्न विचारायचा: "नुसतं ऐकू, की काही सुचवू?" दहापैकी आठ वेळा उत्तर 'नुसतं ऐक' असंच येईल असं धरून चाला. तो "आज परत मीटिंगमध्ये झापलं" म्हणाला तर तुमचं पहिलं वाक्य त्याच्या बोलण्यातूनच घ्या: "सगळ्यांसमोर?" एवढं पुरतं. सल्ला द्यायची इच्छा होईल, ती दुसऱ्या दिवसापर्यंत ढकला. पहिले दोन-तीन आठवडे हे कृत्रिम वाटेल आणि तो भाजीच्या भावापलीकडे काही बोलणार नाही. सोडू नका. त्यानं स्वतःहून एखादी कमीपणाची गोष्ट सांगितली, उदाहरणार्थ एखादं काम त्याला जमत नाहीये, तर ते चालू लागलं असं समजा. 'मला सगळं सांगायचं' असा नियम मात्र कधी करू नका. मग तो दिवसभराचा अहवाल देईल, त्यात सगळं असेल आणि तो नसेल.

बोलणं बंद करायला का सांगू नये, याचं उत्तर आता दिसेल. अनन्यता मोडलेली नसेल तर बंदीनं काही वाचत नाही. निष्ठेचे दोन नियम बंदीशिवायही पाळता येतात. आणि जवळिकीच्या बाबतीत बंदी उलटते. ज्या माणसाला भीती बोलायला एकच जागा होती ती गेली, घरची जागा अजून तयार नाही, तर तो कुणाशीच बोलत नाही. बाहेरून घर शांत दिसतं. पुढच्या वेळी यादी लागेल तेव्हा बातमी तुम्हालाही कळणार नाही आणि तिलाही नाही. शिवाय एका ऑफिसात काम करणाऱ्या दोन माणसांत अशी बंदी पाळलीच जात नाही. ती चोरून मोडली जाते, आणि मग निष्पाप चहासुद्धा लपवावा लागतो.

तुमच्या मनात कायद्याचा विचार आला असेल, किंवा कुणी डोक्यात घातला असेल, म्हणून थोडक्यात. भारतीय दंड संहितेतलं व्यभिचाराचं कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयानं २७ सप्टेंबर २०१८ रोजी घटनाबाह्य ठरवलं, त्यामुळे तो आता फौजदारी गुन्हा नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १३ खाली तो घटस्फोटाचं कारण अजूनही आहे, पण तिथे अट शरीरसंबंधाची आहे. मनातल्या जवळिकीला त्या कलमात जागा नाही. म्हणजे 'मी काही केलं नाही' हे त्याचं वाक्य त्या कलमाच्या मापानं खरं असू शकतं. पण त्या मापानं घर चालवायचं असं तुम्ही दोघांनी कधी ठरवलेलं नाही.

दुसऱ्यांच्या घरात काय चालतं, याच्याशी तुलना करून निर्णय घेऊ नका. नवरा सहा-सहा महिने जहाजावर असतो अशा घरात रोजची जवळीक मैत्रिणींपाशी असते आणि निष्ठा व अनन्यता जास्त काटेकोर असतात. काही जोडपी आपसांत ठरवून अनन्यतेची रेषा वेगळी ओढतात, आणि त्यांच्यात सांगून वागणं ही निष्ठेची पहिली अट असते. काही घरांत नवरा-बायको मनातलं फारसं बोलत नाहीत, पण एकाच्या आजारपणात दुसरा उशापासून हलत नाही. या सगळ्यांत बांधिलकी आहे. ती चालते तेव्हा दोघांना तिची कलमं माहीत असतात आणि ती दोघांनी दबावाशिवाय मान्य केलेली असतात. 'तुला चालत नसेल तर बघ मग' अशा धमकीखाली आलेला होकार यात धरू नका, कुठल्याही बाजूचा.

तो कागद लिहायला तयारच नसेल, तर तुमचा एकटीचा लिहा आणि त्याला वाचायला द्या, उत्तर न मागता. रात्रीची दहा मिनिटं तुमच्या बाजूनं सुरू करा. निष्ठेच्या दोन मागण्या मात्र त्यासाठी थांबवू नका, त्या आजच सांगा. साधारण दोन महिने बघा, आणि दोनच गोष्टी तपासा: घरची बातमी बाहेर गेली का, आणि महत्त्वाची बातमी वेळेवर आली का. यात फरक पडला आणि जवळीक अजून पातळ असेल, तर काळजी करू नका, तिला वेळ लागतो. यातही फरक नसेल, तर दोघांनी मिळून विवाह समुपदेशकाकडे जा. त्यालाही नवरा नाही म्हणाला तर तुम्ही एकट्या जा, तेही चालतं. आई, सासू किंवा थोरला दीर यांना मध्यस्थ करू नका. भांडणाचा निम्मा विषय सासूबाईच आहेत, आणि नातेवाईक निवाडा करतात तो घर टिकवण्याचा, तुमच्यातली जवळीक त्यांच्या कक्षेत येत नाही.

आणि त्या सरळ प्रश्नाला त्यानं 'हो, वाटतं' असं उत्तर दिलं, तर वरचा क्रम बदलतो. त्या क्षणी मैत्री चालू ठेवून सीमा आखणं शक्य होत नाही. कामापुरतं बोलणं, बाकी सगळं बंद, ही मागणी तेव्हा रास्त आहे, आणि जमत असेल तर टीम बदलून घेण्याचीही. कागद आणि रात्रीची दहा मिनिटं तेव्हा मागे ठेवा. आधी त्याला राहायचं आहे का आणि तुम्हाला ठेवायचं आहे का, हे दोघांनी स्वतंत्रपणे ठरवा, आणि त्यासाठी पहिल्याच आठवड्यात समुपदेशकाची वेळ घ्या.